एक नस्ती, दहा आठवडे

तालुक्याच्या कार्यालयातला एक महसूल सहायक. उत्पन्नाच्या दाखल्याचे चौदा अर्ज मुदत उलटूनही त्याच्या टेबलावर पडून राहिले, म्हणून त्याला नियम 10 खाली ज्ञापन मिळालं. त्याने खुलासा दिला, की त्या तीन आठवड्यांत आपण निवडणुकीच्या कामावर होतो. महिन्याभराने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला: ‘खुलासा समाधानकारक नाही. सबब दोन वार्षिक वेतनवाढी कायमस्वरूपी रोखण्यात येत आहेत.’ हा आदेश कायद्याने टिकेल का?

ही नस्ती कल्पित आहे. पण प्रशासकीय कायद्याच्या विभागीय परीक्षेची तयारी तिच्यावर उभी करता येते. बहुतेक जण गाइड उघडून पहिल्या कलमापासून पाठ करायला घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात कलमं एकमेकांत मिसळतात. नोकरी करणाऱ्या लिपिकाजवळ एक गोष्ट असते, जी कायद्याच्या विद्यार्थ्याजवळ नसते: नस्ती कशी चालते, ते त्याने रोज पाहिलेलं असतं. ज्ञापन, खुलासा, चौकशी, आदेश, अपील या क्रमाने कायदा लावला की प्रत्येक नियमाला बसायला जागा मिळते.

आधी वेळेचा हिशेब. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी 2020पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. रोज सकाळी एक तास, शनिवारी तीन आणि रविवारी दोन तास धरले, तर आठवड्याला दहा तास होतात. दहा आठवड्यांचे शंभर. संध्याकाळ हिशेबात धरू नका. अधिवेशन असलं, मार्चअखेर आली, की संध्याकाळचे तास पहिले जातात.

पहिला आठवडा: अधिसूचना आणि जुने पेपर

या आठवड्यात पाठांतर करायचं नाही. आपल्या विभागाच्या परीक्षेची अधिसूचना मिळवायची आणि दोन गोष्टी पाहायच्या: कोणते कायदे-नियम अभ्यासक्रमात आहेत, आणि कोणता पेपर पुस्तकांसह आहे, कोणता पुस्तकांविना. पुस्तकांविना पेपरला नियमाचा गाभा डोक्यात असावा लागतो. पुस्तकांसह पेपरला योग्य नियम मिनिटभरात उघडता यावा लागतो, म्हणून तिथे प्रकरणांचा क्रम पाठ असणं जास्त उपयोगाचं.

मग मागचे चार-पाच पेपर घेऊन प्रत्येक प्रश्नासमोर लिहा, की तो नस्तीच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे. निलंबन? दोषारोपपत्र? अपील? कुठे जास्त गुण आहेत, ते या यादीतूनच दिसेल. पुस्तक घेताना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांची सुधारणांसह छापलेली प्रत घ्या. सहकाऱ्याने प्रेमाने दिलेलं जुनं गाइड संदर्भाला ठेवा, पण त्यावरून उत्तर लिहू नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा: पाया

राज्यघटनेतली तीन कलमं इथे बसवायची. 309 म्हणजे सेवेचे नियम करण्याचा अधिकार. 310 म्हणजे राष्ट्रपती किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत सेवा. 311 म्हणजे त्या मर्जीला घातलेलं कुंपण. या कुंपणाच्या दोन फळ्या आहेत. ज्याने नेमणूक केली, त्याच्या हाताखालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही किंवा सेवेतून काढून टाकू शकत नाही. आणि बडतर्फी, सेवेतून काढणं किंवा पदावनती करायची, तर आरोप कळवून, चौकशी करून, म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. आपला महसूल सहायक जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला असेल, तर तहसीलदार त्याला बडतर्फ करू शकत नाहीत.

दुसऱ्या फळीला तीन अपवाद आहेत: फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असणं, चौकशी करणं व्यवहार्य नसणं (त्याची कारणं लेखी नोंदवून), आणि राज्याची सुरक्षितता. 1985च्या तुलसीराम पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अपवादांचा अर्थ लावला. अपवाद विचारला, की हे नाव आठवायला हवं.

सोबत नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वं: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही, आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होता येत नाही. ज्या अधिकाऱ्याने तक्रार केली, तोच चौकशी अधिकारी झाला, तर दुसरं तत्त्व मोडतं.

चौथा ते सहावा आठवडा: नियम 5, 8 आणि 10

अभ्यासाचा खरा भार इथे आहे, म्हणून पूर्ण तीन आठवडे. नियम 5मध्ये शिक्षांची यादी आहे. ठपका, पदोन्नती रोखणं, नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणं या किरकोळ शिक्षा. पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी या जबर शिक्षा. जबर शिक्षेची कार्यपद्धती नियम 8मध्ये आहे: दोषारोपपत्र, बचावाचं निवेदन, साक्षीपुरावे, चौकशी अहवाल. किरकोळ शिक्षेला नियम 10 खाली ज्ञापन आणि खुलासा एवढ्यावर भागतं.

आता आपली नस्ती पुन्हा उघडू. वेतनवाढ रोखणं किरकोळ शिक्षांच्या यादीत आहे, म्हणून घाईत वाचणारा लिहितो, ‘आदेश वैध.’ इथेच गुण जातात. नियम 10च्या पोटनियम 2मध्ये सांगितलं आहे, की वेतनवाढ तीन वर्षांपेक्षा जास्त काळ रोखायची असेल, निवृत्तिवेतनावर परिणाम होणार असेल, किंवा पुढच्या वेतनवाढींवर कायमचा परिणाम होईल अशा रीतीने ती रोखायची असेल, तर नियम 8मधल्या रीतीने चौकशी करावीच लागते.

यामागचं कारण समजलं, की पोटनियम वेगळा पाठ करावा लागत नाही. दोन वेतनवाढी तात्पुरत्या रोखल्या, तर मुदत संपल्यावर पगार मूळ ठिकाणी येतो. कायमस्वरूपी रोखल्या, तर तो कर्मचारी निवृत्त होईपर्यंत दोन पायऱ्या मागे राहतो, आणि ज्याचं निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरतं, त्याचं निवृत्तिवेतनही कमी बसतं. नाव किरकोळ शिक्षेचं असलं, तरी मार जबर शिक्षेचा आहे. पंजाबच्या अशाच नियमांवर, कुलवंतसिंग गिल प्रकरणात, 1990मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं.

सहाव्या आठवड्यात आणखी एक गाठ सोडवायची. चौकशी संपल्यावर शिक्षेबद्दल दुसरी नोटीस द्यावी लागते का? 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षेच्या प्रमाणाबद्दलची ही दुसरी संधी काढून टाकली. पण चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा प्राधिकारी वेगवेगळे असतील, तर निष्कर्ष काढण्यापूर्वी अहवालाची प्रत देऊन त्यावरचं म्हणणं घ्यावं लागतं, असं 1993च्या करुणाकर प्रकरणात ठरलं. प्रत दिली नाही म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे बचावाची हानी झाली का, हे न्यायालय पाहतं. दोन ओळींत दोन्ही बाजू लिहिता आल्या, की हा भाग झाला म्हणायचं.

सातवा आठवडा: राखीव

हा आठवडा मुद्दाम मोकळा ठेवा. तोवर एखादा आठवडा नक्की बुडालेला असतो. बुडाला नसेल, तर एक जुना पेपर पूर्ण वेळ लावून सोडवा. आणि कोऱ्या कागदावर ज्ञापनापासून अपिलापर्यंतचे टप्पे नियम क्रमांकांसह लिहून पाहा. जिथे पेन थांबेल, तिथे परत जायचं. पुस्तक वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. काय येत नाही, ते कोरा कागदच दाखवतो.

आठवा आणि नववा आठवडा: आदेश निघाल्यानंतर

आपल्या नस्तीतल्या आदेशात आणखी एक दोष आहे. ‘खुलासा समाधानकारक नाही’ हा निष्कर्ष झाला, कारण कुठे आहे? निवडणुकीच्या कामाचा मुद्दा का अमान्य केला, याबद्दल एक शब्द नाही. निर्णयाची कारणं नोंदवली पाहिजेत, हे तत्त्व 1990च्या एस. एन. मुखर्जी प्रकरणात घटनापीठाने मांडलं. मग न्यायालयात शपथपत्र करून कारणं जोडता येतील का? नाही. आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जातो, हे 1978च्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणाने सांगितलं. वेतनवाढीच्या आणि या प्रकरणातलं ‘गिल’ हे नाव सारखं असल्याने परीक्षेत अदलाबदल होते. दोन्ही पूर्ण नावांनी आणि वर्षांसह लिहा.

यानंतर दाद मागायची वाट. आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत वरिष्ठांकडे, म्हणजे इथे विभागीय आयुक्तांकडे, अपील. तिथे दाद मिळाली नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. 1985च्या कायद्यानुसार आधी खात्यातली वाट संपवावी लागते. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तरी न्यायाधिकरणाचं दार उघडतं. अपिलावर अंतिम आदेश झाला असेल, तर त्यापासून एका वर्षाची मुदत असते. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं, हे 1997च्या एल. चंद्रकुमार प्रकरणामुळे.

अभ्यासक्रमात माहितीचा अधिकार असेल, तर तोही याच वाटेवर बसवा: 30 दिवसांत उत्तर, 30 दिवसांत पहिलं अपील, 90 दिवसांत दुसरं. सगळ्या मुदती एका पानावर समोरासमोर लिहिल्या, की मिसळत नाहीत.

दहावा आठवडा: फक्त लिहिणं

नवं काही वाचायचं नाही. रोज दोन उत्तरं वेळ लावून लिहायची. उत्तराचा साचा लिपिकाच्या हातात आहेच, कारण तो टिप्पणीचा साचा आहे: वस्तुस्थिती, लागू नियम, अभिप्राय. अडचण शेवटी येते. टिप्पणी ‘आदेशार्थ सादर’ म्हणून वरच्या टेबलावर जाते आणि निर्णय साहेब घेतात. वर्षानुवर्षांच्या या सवयीने परीक्षेतही उत्तर ‘असे दिसून येते’पाशी थांबतं. परीक्षकाला निर्णय हवा असतो, आणि तिथे वरचं टेबल नसतं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं संपवायचं: ‘वेतनवाढी कायमस्वरूपी रोखण्यापूर्वी नियम 10(2)नुसार चौकशी झालेली नाही. आदेशात कारणे नमूद नाहीत. सबब आदेश रद्द होण्यास पात्र आहे. तथापि, नियमानुसार चौकशी करून नव्याने निर्णय घेण्यास प्राधिकाऱ्यास मोकळीक राहील.’ शेवटचं वाक्य विसरू नका. कार्यपद्धती चुकली म्हणून आदेश रद्द झाला, तरी ते चौदा अर्ज का पडून राहिले, हा प्रश्न अजून शिल्लक असतो.