हेडफोन नाही, तरी चिन्ह कायम

पावसात भिजलेल्या फोनवर हेडफोनचं चिन्ह दिसतं, गाणी ऐकू येत नाहीत, पण रिंग मात्र वाजते. अँड्रॉइडमध्ये हेडफोन जोडलेला असतानाही रिंग सहसा स्पीकरवर वाजते, त्यामुळे स्पीकर शाबूत असल्याची ही चांगली खूण आहे.

दोष बहुधा ३.५ मिमीच्या जॅकमध्ये असतो. पिन आत गेल्याचं कळावं म्हणून तिथे एक बारीक संपर्कपट्टी असते. ओल किंवा खिशातला कापूस तिथे अडकला, की फोनला पिन जोडलेलीच आहे असं वाटतं.

फोन बंद करा, जॅकचं तोंड खाली धरून हलकेच झटका आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको. त्याच्या उष्णतेने आतला गोंद सुटतो. टाचणीही नको, कारण वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही. लाकडी टूथपिकला कापसाचा अगदी पातळ थर गुंडाळून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घ्या, हळूच फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. मग हेडफोनची पिन काही वेळा आत-बाहेर करा.

फोन सुरू केल्यावर ब्लूटूथ बंद असल्याची खात्री करा. कधी चिन्ह केवळ सॉफ्टवेअरमध्ये अडकलेलं असतं, ते रीस्टार्टने जातं. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि तोही बॅकअप घेऊनच. त्यानंतरही चिन्ह परतलं, तर पट्टी गंजली किंवा वाकली असणार. जॅक बदलून घ्यावा.