सक्रियता म्हणजे अणूंची संख्या नव्हे

किरणोत्साराची गणितं करताना विद्यार्थ्यांना सूत्र बहुतेक पाठ असतं. उत्तर चुकतं ते हाती आलेला आकडा नेमका कशाचा आहे, हे न पाहिल्यामुळे. खालची प्रश्नोत्तरं एकाच उदाहरणाभोवती आहेत: थायरॉइडच्या कर्करोगावर दिलं जाणारं आयोडीन-१३१. भारतातल्या रुग्णालयांना ते पुरवण्याचं काम वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा खात्याची संस्था करते. आपण ३७० कोटी बेकरेलची मात्रा घेऊ. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल सुमारे ८ दिवस धरू.

३७० कोटी बेकरेल म्हणजे त्या मात्रेत ३७० कोटी किरणोत्सारी अणू आहेत का?

नाही. बेकरेल हे वेगाचं एकक आहे. या क्षणी दर सेकंदाला ३७० कोटी अणुकेंद्रांचा ऱ्हास होतो आहे, एवढंच तो आकडा सांगतो. शिल्लक अणू किती, हे त्यात थेट दिलेलं नसतं, काढावं लागतं. सूत्र A = λN. इथे A ही सक्रियता, N अणूंची संख्या आणि λ हा ऱ्हास-स्थिरांक, म्हणजे एका अणूचा एका सेकंदात ऱ्हास होण्याची शक्यता. λ साठी ०.६९३ ला अर्धायुकालाने भागायचं.

सक्रियता ‘दर सेकंदाला’ आहे, म्हणून अर्धायुकालही सेकंदांत हवा. ८ दिवस म्हणजे ६,९१,२०० सेकंद, आणि λ जवळपास १०⁻⁶ प्रतिसेकंद. म्हणजे N सुमारे ३.७ × १०¹⁵. एवढ्या अणूंचं वजन काढलं तर ते एका ग्रॅमच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी भरतं.

दिवसांचे सेकंद करायचे राहिले, तर चूक लक्षात कशी येईल?

८ ने तसंच भागलं, तर N सुमारे ४.३ × १०¹⁰ येतो. आकडा मोठा दिसतो, त्यामुळे संशय येत नाही. पण या मात्रेतून एका मिनिटात २२,२०० कोटी, म्हणजे २.२ × १०¹¹ ऱ्हास होतात. होते त्या अणूंपेक्षा जास्त अणू एका मिनिटात कसे संपतील? ही पडताळणी मला फार मोलाची वाटते, कारण तिला उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यातली एक ओळ पुरते.

दोन नमुन्यांची सक्रियता सारखी असेल, तर अणूही सारखेच ना?

पदार्थ एकच असेल तर हो. इथेच सवय घात करते. एकाच पदार्थाच्या गणितांत A आणि N एकाच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं घेतलं तरी गुणोत्तर बरोबर येतं, आणि दोन्ही एकच आहेत असं वाटू लागतं. दुसरा पदार्थ आला की ही सोय संपते.

सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षं, म्हणजे आयोडीनच्या जवळपास १३७० पट. सीझियमचा एकेक अणू तितकाच सावकाश जातो. म्हणून ३७० कोटी बेकरेल गाठायला सीझियमचे अणू आयोडीनच्या १३७० पट लागतात, वजन साधारण एक मिलिग्रॅमच्या वर जातं. उलट, दोन्हींचे अणू सारखे घेतले तर आयोडीनची सक्रियता १३७० पट असेल. म्हणून ‘सुरुवातीला समान’ हे शब्द दिसले की समान काय आहे, सक्रियता, अणू की वस्तुमान, हे आधी लिहून घ्यावं. वस्तुमान समान असेल तर अणुभारांचा फरकही मध्ये येतो.

पहिल्या ८ दिवसांत एकूण ऱ्हास किती? ३७० कोटी गुणिले ६,९१,२०० सेकंद?

तसं केलं तर उत्तर २.५६ × १०¹⁵ येतं, आणि ते चुकीचं आहे. गुणाकारात आपण सक्रियता आठही दिवस तेवढीच राहते असं धरलं. प्रत्यक्षात अणू घटतात तशी तीही घटते आणि आठव्या दिवसाअखेर १८५ कोटींवर येते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सक्रियतेची सरासरी घेऊन गुणलं तरी उत्तर थोडं जास्तच येतं, कारण घट सरळ रेषेत होत नाही, आधी वेगाने आणि मग मंद होते.

इथे अणू मोजणं सोपं. एका अर्धायुकालात निम्मे अणू जातात, म्हणून ऱ्हास सुमारे १.८५ × १०¹⁵. हाच प्रश्न २४ दिवसांसाठी असेल तर उरतात एक अष्टमांश, गेलेले सात अष्टमांश. ‘उरलेले’ विचारलंय की ‘ऱ्हास पावलेले’, हे वाचताना निसटलं की बरोबर केलेलं गणितही चुकीचं ठरतं.

मोजणी यंत्राचे आकडे दिले असतील तर?

परिसरातल्या नैसर्गिक किरणोत्साराची मोजणी आधी वजा करा. यंत्र मिनिटाला ४२० दाखवत असेल आणि नमुना नसतानाही २० दाखवत असेल, तर नमुन्याचे ४०० च. एका अर्धायुकालानंतर त्यांचे २०० होतात, पण परिसराचे २० तसेच राहतात. म्हणून यंत्रावर २१० नव्हे, २२० दिसेल.