‘लाइव्ह’ शब्द कशाला खर्चायचा?

समजा, राजुऱ्यातले एक शिक्षक यूट्यूबवर दहावीचं गणित थेट शिकवतात. शीर्षक देतात, ‘🔴 लाइव्ह! नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजचा क्लास’. लाल ‘लाइव्ह’ पट्टी यूट्यूब स्वतःच लावतं. ती पुन्हा लिहिणं म्हणजे जागेची नासाडी. शीर्षकाला मर्यादा 100 अक्षरांची, पण मोबाइलच्या यादीत शेपूट कापलं जातं. म्हणून विषय आधी: ‘वर्गसमीकरणे: सूत्राने सोडवा, दहावी गणित भाग 1’.

वर्गवारी ‘शिक्षण’. गेम खेळत असल्यास ‘गेमिंग’ निवडून गेमचं नावही भरावं. नाहीतर त्या गेमच्या पानावर प्रक्षेपण दिसण्याची शक्यता कमी.

वर्णनाची पहिली ओळ कधी शोधनिकालात झळकते. तिथे ‘सबस्क्राइब करा’ नको. कोणती उदाहरणं सोडवणार, ते हवं.