उभ्या गाडीचे भाडे

टॅक्सी मागविणारा मनुष्य दूरध्वनीवर पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा एकच असतो : ‘किलोमीटरला किती?’ प्रश्न स्वाभाविक आहे, कारण अंतर ही मोजता येण्याजोगी, दोन्ही पक्षांना डोळ्यांनी पडताळता येण्याजोगी वस्तू आहे. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकाजवळ चार गाड्यांचा लहानसा व्यवसाय चालविणाऱ्या एका परिचित गृहस्थांनी आपले दरपत्रक नव्याने आखण्याच्या कामी मला बोलावले, आणि त्यांच्या खतावणीची पाने उलटता उलटता गाडी जितका वेळ धावते त्याहून अधिक वेळ ती उभी असते हे जेव्हा माझ्या नजरेस आले, तेव्हा केवळ किलोमीटरवर उभारलेली आकारणी या गावात का टिकत नाही याचा उलगडा होऊ लागला.

या शहराच्या टॅक्सीचे गिऱ्हाईक मुख्यतः प्रवासी आहे. वेरूळ येथून सुमारे ३० किलोमीटर, वाटेतच दौलताबादचा किल्ला. अजिंठा शंभराच्या किंचित पुढे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, वेरूळची मंगळवारी. त्यामुळे सोमवारी साऱ्या गाड्या वेरुळाकडे आणि मंगळवारी अजिंठ्याकडे वळतात. दोन्ही ठिकाणी प्रवाशाचा वेळ गाडीत जात नाही, दगडात कोरलेल्या शिल्पांपुढे जातो. अजिंठ्याला तर खाजगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवावी लागतात आणि तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते, म्हणजे चालकाने सावली शोधून तासन्‌तास थांबण्यावाचून गत्यंतर नसते. त्या चार गाड्यांपैकी एकीवरचा वयस्क चालक मला म्हणाला, “वेरूळला गाडी लावली की दिवस गेला, साहेब. तिथून मधल्या वेळात दुसरं भाडं कुठं मिळतंय?”

त्या एका वाक्यातच आमच्या हिशेबाची दिशा होती. खतावणीतील खर्चाच्या आम्ही दोन राशी केल्या. पहिली राशी चाकांबरोबर वाढणारी : इंधन, टायर, तेलपाणी, दुरुस्तीसाठी बाजूला टाकावयाची रक्कम. चारही गाड्या लहान, सीएनजीवर चालणाऱ्या. त्यांचा हा खर्च, समजण्यास सोपे जावे म्हणून पूर्णांकात धरला तर, किलोमीटरला ७ रुपये येत होता. दुसरी राशी गाडी हलो वा न हलो, दिवसामागून दिवस चढणारी : कर्जाचा हप्ता, विमा, कर, परवाना, चालकाचा पगार, कचेरीचे भाडे, आणि मालकाने स्वतःच्या निर्वाहासाठी घ्यावयाचा वाटा. ही रक्कम दर गाडीस महिन्याकाठी ३९,००० रुपयांच्या आसपास भरली. गाडी महिन्यातून २६ दिवस कामावर राहते असे धरले तर दिवसाला १,५०० रुपये. दरपत्रकातील पुढची सर्व कलमे या दोन आकड्यांतूनच निघाली.

बाहेरगावच्या भाड्याचा आपल्याकडे रूढ शिरस्ता असा की, किलोमीटरचा दर ठरवावा आणि दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरांची आकारणी करावी, मग गाडी तितकी धावो वा न धावो. प्रवाशांची सर्वांत मोठी हरकत याच कलमावर असते. अजिंठ्याला जाऊन येण्याचे २१० किलोमीटर झाले असता २५० चे पैसे का, न चाललेल्या ४० किलोमीटरांचे भाडे कोणत्या न्यायाने, असा प्रश्न संतापाने विचारला जातो आणि चालकाला त्याचे उत्तर देता येत नाही. उत्तर आमच्या दोन राशींत होते. दिवसाचे १,५०० रुपये २५० किलोमीटरांवर वाटले की किलोमीटरला ६ रुपये येतात. त्यांत चालण्याचे ७ मिळविले की होतात १३. या गृहस्थांचा जुना दर नेमका १३ रुपयेच होता. म्हणजे ज्याला प्रवासी अंतराचा दर समजतो, त्यातील जवळजवळ अर्धा भाग वस्तुतः वेळेचा आहे, आणि किमान किलोमीटरांची अट ही त्या वेळेच्या वसुलीसाठी केलेली तजवीज आहे.

तथापि प्रवाशाची हरकत अगदीच निराधार होती असे मला म्हणवत नाही. न चाललेल्या ४० किलोमीटरांबद्दल वेळेचे ६ रुपये घेणे योग्य. परंतु जुना शिरस्ता पूर्ण १३ रुपये घेतो, म्हणजे न जळलेल्या इंधनाचे आणि न झिजलेल्या टायरांचे ७ रुपयेही त्यात ओढतो. अजिंठ्याच्या फेरीत ही जादा आकारणी ४० गुणिले ७, म्हणजे २८० रुपयांची होते. दिवसाचा १,५०० रुपयांचा आकार स्वतंत्र लिहून त्यापुढे किलोमीटरला ७ प्रमाणे २१० किलोमीटरांचे १,४७० आणि चालकाचा भत्ता ३०० मांडला तर एकूण ३,२७० रुपये होतात. जुन्या पद्धतीने तीच फेरी ३,५५० ला पडे. पथकर आणि वाहनतळाचे शुल्क दोन्ही पद्धतींत पावतीप्रमाणे वेगळे.

मी ही दुभागी आकारणी सुचविली तेव्हा मालकांनी कागद बराच वेळ समोर धरून पाहिला आणि नंतर ४०० किलोमीटरांच्या दिवसाचा हिशेब करावयास सांगितले. जुन्या दराने ५,२००. नव्याने, भत्ता वगळून, ४,३००. “म्हणजे लांबच्या भाड्यात माझे नऊशे गेले,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. लांब जाणाऱ्या प्रवाशाकडून वेळेचे पैसे किलोमीटरागणिक घेतले जातात आणि २५० च्या पुढेही ते थांबत नाहीत. त्या अधिक वसुलीवरच हंगाम नसतानाचे रिकामे दिवस भरून निघतात. शिवाय, दूरध्वनीवर ‘दिवसाचे पंधराशे’ असे ऐकताच गिऱ्हाईक दुसरा क्रमांक फिरवील, ही त्यांची भीतीही अनाठायी नव्हती. अखेर बाहेरगावासाठी जुनाच शिरस्ता राहिला. मात्र किमानाहून कमी भरलेले किलोमीटर ६ रुपयांनी धरावेत, एवढी दुरुस्ती त्यांनी मान्य केली. अजिंठ्याच्या प्रवाशाचे २८० रुपये वाचले आणि न चाललेल्या किलोमीटरांविषयीच्या प्रश्नाला चालकाच्या मुखी उत्तर आले.

वेरुळाची गोष्ट निराळी. दौलताबादसह ही फेरी सारी मिळून ७० किलोमीटरांची. १३ च्या दराने तिचे ९१० रुपये होतात. परंतु किल्ल्यावर दीड तास, लेण्यांपाशी साडेतीन, जाण्यायेण्याचे दोन, असा सात तासांचा दिवस तीत खर्ची पडतो, आणि गाडीचा खरा खर्च ४९० अधिक १,५००, म्हणजे १,९९० येतो. अंतराने मोजावी तर मालक बुडतो, किमान २५० किलोमीटर लावावेत तर प्रवासी पळतो. म्हणून अशा फेऱ्यांसाठी ८ तास आणि ८० किलोमीटर असा ठोक आकार सर्वत्र रूढ झाला आहे. आम्ही तो २,१०० रुपये ठेवला आणि पुढच्या प्रत्येक तासास २००.

किलोमीटर मोजण्याविषयीही एक लहानशी बाब सांगण्याजोगी आहे. गाडीतले अंतरमापक यंत्र वस्तुतः चाकाचे फेरे मोजते. नवा टायर झिजत झिजत सहा मिलिमीटरांनी उतरला की सुमारे २९० मिलिमीटर त्रिज्येचे चाक दोन टक्क्यांनी लहान होते, तेवढेच अंतर कापण्यास अधिक फेरे घेते, आणि २१० किलोमीटरांच्या प्रवासात कोणाच्याही लबाडीवाचून चार किलोमीटर अधिक दाखविते. महामार्गावरील दहा दगडांशी यंत्राचा आकडा ताडून पाहिला की ही तफावत कळते. म्हणून ठरलेल्या स्थळांची अंतरे दरपत्रकातच छापावीत असे ठरले.

शहरातल्या सुट्या फेऱ्यांत प्रतीक्षेचा आकार स्वतंत्र घ्यावा लागतो. अशा फेऱ्यांच्या दिवशी दहा तासांपैकी सहाच तास विकले जातात, असे खतावणी सांगत होती. १,५०० रुपये त्या सहा तासांवर पडले की तासाला २५०, म्हणजे पाव तासाला ६० च्या घरात. चिकलठाणा विमानतळावर सामान हाती येण्यास वेळ लागतो, तेव्हा पहिला अर्धा तास मोफत. परंतु तो विमानाच्या छापील वेळेपासून मोजावयाचा की प्रत्यक्ष उतरण्यापासून? आम्ही प्रत्यक्ष उतरण्यापासून धरला, कारण विमानाचा विलंब आता घरबसल्या कळतो आणि चालकाला उशिरा निघता येते.

रात्रीच्या अधिभारावर मात्र सर्वांत अधिक विचार करावा लागला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ अन्वये भाड्याविषयी निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, आणि मुंबईच्या मीटरच्या टॅक्सीत मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत २५ टक्के अधिक भाडे घेतले जाते. मालकांनाही तोच प्रघात उचलावयाचा होता. परंतु रात्री इंधन महाग होत नाही. महाग होते ती चालकाची झोप, आणि ती सात किलोमीटरांच्या फेरीतही तितकीच मोडते जितकी सत्तरांच्या. स्थानकापासून सिडकोपर्यंतच्या दीडशे रुपयांवर २५ टक्के म्हणजे जेमतेम ३७ रुपये. एवढ्यासाठी पहाटे तीनला कोणी उठणार नाही. उलट ३,००० च्या लांब भाड्यावर तोच अधिभार ७५० होतो, जो कोणत्याही न्यायाने अधिक. म्हणून टक्केवारी सोडून ठोक रक्कम ठेवली : शहरात दर फेरीस १००, आणि बाहेरगावची गाडी रात्री ११ नंतर परतली किंवा पहाटे ५ पूर्वी निघाली तर २५०, व ही सर्व रक्कम चालकाच्या हाती जावी अशी शर्त.

वेळेच्या सीमेचा तंटा देवगिरी एक्सप्रेसमुळे उपस्थित झाला. मुंबईहून रात्री सुटणारी ही गाडी येथे पहाटे, पाच वाजण्यापूर्वी पोचते. पण तिला विलंब झाला तर चालक चारला येऊन उभा आणि प्रवासी सव्वापाचला टॅक्सीत, असे घडते. चाके फिरण्याच्या क्षणावर अधिभार ठरवावा तर चालकाचे जागरण फुकट जाते. आम्ही नोंदणीच्या वेळी चालकास ज्या घटकेस हजर राहण्यास सांगितले असेल ती घटका प्रमाण मानली, आणि ती चिठ्ठीवर लिहून प्रवाशास आगाऊ कळविण्याचे बंधन घातले.

शिर्डीला सोडून मोकळी परतणारी गाडी हे शेवटचे कलम होते. परतीचे शंभर-सव्वाशे किलोमीटर रिकामे येतात, म्हणून मालक दोन्ही बाजूंचे भाडे घेत. तिकडून एखादे गिऱ्हाईक मिळालेच तर ती कमाई कोणाची, यावरून मालक व चालक यांच्यातच कुरबुर चाले. निघण्यापूर्वी परतीचे भाडे नोंदले गेले असेल तर जाणाऱ्याला २० टक्के सूट द्यावी, आणि वाटेत ऐन वेळी मिळालेल्या भाड्यातून इंधन वजा जाता उरेल ते निम्मे चालकाचे, असा मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढला, आणि दोन्ही कलमांखाली चारही चालकांच्या सह्या घेतल्या.