टिपेतलं देणं

पुरवठादाराचं बिल आलं, की ते कंपनीचं पक्कं देणं. वॉरंटीतल्या दुरुस्त्यांचा खर्च बहुधा होणारच, पण नेमका किती ते ठाऊक नसतं. अंदाजाने तरतूद करतात आणि ती नफ्यातून वजा होते. कोर्टातला दावा हरू असं वाटत नसेल, तर ते संभाव्य दायित्व. त्याची जागा फक्त टिपांमध्ये. नफ्याला ओरखडाही नाही.

दूरसंचार कंपन्यांचा महसुलाच्या व्याख्येवरून सरकारशी चाललेला वाद बराचसा असाच टिपांमध्ये होता. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला. तिमाही ३० सप्टेंबरलाच संपली होती, पण वाद जुना. म्हणून तरतूद त्याच तिमाहीत करावी लागली. व्होडाफोन आयडियाचा तोटा निघाला सुमारे ५०,९२१ कोटी रुपये.

वार्षिक अहवाल हाती आला, तर ती टीप आधी वाचा.