सरकारी अहवालाची उलटतपासणी: दख्खनचे दंगे, १८७५

इतिहासाच्या वर्कशीटवर ‘या साधनाची विश्वासार्हता आणि त्यातील पूर्वग्रह तपासा’ असा प्रश्न आला, की बहुतेक उत्तरे एका वाक्यात आटोपतात: हा कागद इंग्रजांनी लिहिला, म्हणून तो पक्षपाती आहे. वाक्य खोटे नाही, पण त्याला गुण देता येत नाहीत, कारण त्या काळातल्या कुठल्याही सरकारी कागदाला ते जसेच्या तसे चिकटवता येते. पूर्वग्रह नेमका कुठे दिसतो, तो कशामुळे आला आणि त्यापायी कोणती माहिती वाकली, हे तिन्ही सांगितले तरच उत्तर पुरे होते. शिवाय वाकलेल्या कागदातही सरळ राहिलेले भाग असतात. ते वेगळे काढणे हाच या प्रश्नाचा खरा अर्धा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक वेळा सुटतो.

उदाहरणासाठी आपल्याच मुलखातला एक कागद घेऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतली रयत जमली आणि तिने सावकारांकडे खतावण्या आणि कर्जरोखे मागितले. मिळाले ते कागद जाळले, धान्याची दुकाने लुटली, काही ठिकाणी सावकारांची घरेही पेटवली. हे लोण नगर जिल्ह्यात गेले आणि तिसाहून अधिक गावांना त्याची झळ लागली. भारत सरकारला १८५७ ची आठवण ताजी होती. त्याने मुंबई सरकारला चौकशी करायला लावले, आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकामुळे हा अहवाल आज अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

वर्कशीटचा पहिला प्रश्न साधासुधा वाटतो: कागद कोणी, कोणासाठी आणि कशासाठी तयार केला? इथे नाव आणि साल लिहून थांबायचे नसते. आयोगापुढे ठेवलेले काम काय होते, ते पाहायचे. सरकारच्या साऱ्याचे प्रमाण हे दंग्यांचे कारण आहे का, हे आयोगाने मुद्दाम ठरवायचे होते. पाच-सहा वाक्यांचे उत्तर मग असे होईल:

‘हा अहवाल मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगाने लिहिला. तो वाचणार होते ते वरिष्ठ अधिकारी आणि ब्रिटिश संसद. जमिनीचा सारा ठरवणारे सरकार आणि साऱ्यामुळे दंगा झाला का हे तपासणारा आयोग नेमणारे सरकार एकच होते. त्यामुळे साऱ्याला दोष देणे म्हणजे आपल्याच व्यवस्थेला दोष देणे, अशी आयोगाची अडचण होती. म्हणून दंग्यांच्या कारणांबद्दलचा या अहवालाचा निष्कर्ष विशेष काळजीने वाचावा लागतो.’

या उत्तरातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. संशय सगळ्या कागदावर सरसकट धरलेला नाही, तो कारणांच्या निष्कर्षावर धरला आहे. घटना कधी आणि कुठे घडली, याबाबत खोटे बोलण्यात आयोगाचा फारसा फायदा नव्हता.

दुसरा प्रश्न: आयोगाला माहिती कशी मिळाली? आयोग जिल्ह्यांत फिरला, रयतेच्या, सावकारांच्या आणि प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या घेतल्या, कलेक्टरांचे अहवाल एकत्र केले, साऱ्याचे दर, बाजारभाव आणि व्याजाचे दर यांची कोष्टके बनवली. हे वाचून विद्यार्थी लिहितो, ‘आयोगाने सर्वांचे ऐकले, म्हणून अहवाल विश्वासार्ह आहे.’ इथे घाई होते. जबानी देणारा कुठे उभा होता, हे विचारायला हवे.

दंग्यांनंतर शेकडो लोकांची धरपकड झाली होती, गावांत पोलीस बसले होते. अशा वेळी साहेबांपुढे आलेल्या कुणब्याला सावकाराविरुद्ध बोलणे त्या मानाने सोपे होते. सरकारच्या साऱ्याविरुद्ध बोलणे म्हणजे ज्याने अटक केली त्याच्याच तोंडावर त्याचा दोष सांगणे. म्हणजे रयतेची भीती तिला ज्या बाजूला ढकलत होती, त्याच बाजूला आयोगाची सोयही होती. दोन्ही वजने एकाच पारड्यात पडली. शिवाय मराठीत सांगितलेले कारकुनाने टिपले, मग ते इंग्रजीत गेले. जबान्यांमध्ये सावकारांबद्दल पुष्कळ आणि साऱ्याबद्दल कमी आढळले, तर रयतेच्या मनात तेवढेच होते असे त्यावरून म्हणता येत नाही. हा मुद्दा मी वर्गात सर्वात जास्त वेळ घोळवतो, कारण एकदा तो कळला की कुठल्याही चौकशी अहवालातली जबानी वाचताना तो कामी येतो.

उत्तर असे लिहिता येईल: ‘आयोगाने अनेकांच्या जबान्या घेतल्या, हे त्याचे बळ आहे. पण धरपकडीच्या वातावरणात सरकारपुढे सरकारविरुद्ध बोलणे धोक्याचे होते. त्यामुळे सावकारांच्या जाचाबद्दलचे पुरावे भरपूर मिळणे आणि साऱ्याबद्दलचे कमी मिळणे शक्य आहे. जबान्या खोट्या मानायचे कारण नाही, मात्र त्या अपुऱ्या असू शकतात.’

तिसरा प्रश्न पूर्वग्रहाचा. आयोगाचा निष्कर्ष असा, की सरकारची मागणी दंग्याला कारण नव्हती, दोष सावकारांचा होता. हे तपासायचे तर अहवालाच्या आजूबाजूच्या घटना मांडून पाहाव्या लागतात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव पडले, सावकारांनी हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात तीस वर्षांची जुनी आकारणी संपत आली होती. इंदापूर तालुक्यात १८३६ ची आकारणी जाऊन १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा भरमसाट वाढला. काही ठिकाणी वाढ ५० ते १०० टक्के होती. कर्ज मिळेना, भाव मिळेना आणि सारा मात्र वाढलेला. शेतकरी सावकाराच्या दारात का गेला, हा प्रश्न विचारला की साऱ्याचा हप्ता समोर येतो. सावकार हेच कारण म्हणून थांबल्याने साखळीची फक्त शेवटची कडी हाती येते.

आयोगाच्या आतूनही हा आवाज निघाला होता. ऑकलंड कॉल्व्हिन हे वायव्य प्रांतातून आलेले सदस्य. मुंबईच्या महसूल खात्याशी त्यांचे लागेबांधे नव्हते. त्यांनी फेरआकारणीवर वेगळी टीका नोंदवली. आणि मुंबई सरकारने स्वतः दंग्यांच्या आधी, १८७४ मध्ये, साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातल्या होत्या. वाढ जाचक नव्हती तर मर्यादा कशाला लागल्या, असे विद्यार्थ्याने इथे विचारले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.

पण इथेच दुसरा धोका असतो. पूर्वग्रह सापडला की निष्कर्ष चूकच, असे धरून चालायची सवय लागते. आयोगाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: दंगे नगर जिल्ह्यातही झाले आणि तिथल्या जुन्या आकारणीची मुदत अजून सरलेली नव्हती. सारा वाढलाच नव्हता अशा गावांनीही खते जाळली. म्हणजे ‘फेरआकारणी म्हणून दंगा’ हे सरळ समीकरणही पुरत नाही. प्रामाणिक उत्तर दोन्ही गोष्टी सांगेल: ‘साऱ्याला पूर्णपणे निर्दोष ठरवण्यात आयोगाचा कल दिसतो, कारण पुणे जिल्ह्यातल्या वाढीचे परिणाम त्याने कमी लेखले. तरीही नगर जिल्ह्यातले दंगे पाहता फक्त वाढीव सारा हे कारण धरता येत नाही. कर्जव्यवहाराचा जाच दोन्ही जिल्ह्यांत समान होता.’

मग या अहवालातले काय विसंबण्याजोगे आहे? माझ्या मते निष्कर्षांपेक्षा पुरवण्या. त्यांत रयतेचे अर्ज आहेत, कर्जाची खते आहेत. भाडेपट्ट्याचा एक नमुना फार बोलका आहे. कर्जापायी शेतकऱ्याने गाडी आणि बैल सावकाराला विकून टाकले आणि मग तेच गाडीबैल सावकाराकडून भाड्याने घेतले, असा तो करार. हा कागद आयोगासाठी लिहिलेला नव्हता. तो दोघांतल्या व्यवहारासाठी लिहिला गेला, त्यामुळे त्यातल्या अटी आयोगाच्या मतांपासून मुक्त आहेत. कोणती खते निवडून छापायची हे मात्र आयोगानेच ठरवले, एवढी चाळणी लक्षात ठेवायची.

तसेच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याबद्दल. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठेवली ती व्याज साचू नये म्हणून. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत करून घेऊ लागले, थकलेली रक्कम व्याजासह नवे मुद्दल म्हणून चढवू लागले. रयतेच्या रक्षणासाठी केलेला कायदा रयतेवर उलटला, ही सरकारला अडचणीची गोष्ट. लिहिणाऱ्याच्या सोयीविरुद्ध जाणारी माहिती त्याच्याच कागदात सापडली, तर तिचे वजन जास्त धरावे. उत्तरात हे कारण शब्दांत मांडले पाहिजे, नुसते ‘विश्वासार्ह’ लिहून भागत नाही.

शेवटचा प्रश्न: आणखी कोणती साधने हवीत? ‘वर्तमानपत्रे आणि पुस्तके’ असे उत्तर सोपे असते, पण निरुपयोगी. कोणत्या शंकेसाठी कोणते साधन, हे जोडून सांगायचे. साऱ्याबद्दलची शंका असेल तर पुणे सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीवर केलेला अहवाल हवा. तो दंग्यांच्या आधीचा आहे, म्हणून दंग्यांचे खापर कुणावर फोडायचे या वादाची छाया त्यावर नाही. पण सभेत पुण्याचे वकील, सुशिक्षित आणि सरदार-इनामदार होते. साऱ्याविरुद्ध बोलण्यात त्यांचाही स्वार्थ होता. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यात सरकारी कामगार आणि भट-कारकून यांचा जाच समोर येतो, जो आयोगाच्या चौकटीत नीट बसला नाही. तोही एका बाजूने, एका हेतूने लिहिलेला ग्रंथ आहे. आणि देशी वर्तमानपत्रे पाहायची तर मूळ अंक पाहावेत, कारण सरकारसाठी दर आठवड्याला त्यांचे जे इंग्रजी सारांश निघत, त्यांत काय घ्यायचे ते सरकारी अनुवादक ठरवत.

या सगळ्यांत एक साधन विद्यार्थी हमखास विसरतात: अहवालानंतर सरकारने काय केले. १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्यावर आळा घातला. उपाय सावकाराच्या खतावर झाला. साऱ्याचा दर या कायद्याने हलवला नाही. ‘अहवालाचा कल आणि कायद्याचा रोख एकच आहे’ हे वाक्य ज्याच्या उत्तरात येते, त्याने कायद्यालाही पुरावा म्हणून वाचलेले असते.