‘आरक्षण’ दाबलं, पण मशीन सुरूच झालं नाही

जपानमधल्या वसतिगृहातलं सामायिक वॉशिंग मशीन. पॅनेलवर सगळं जपानीत. भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा त्यावर धरला की बटणांवर मराठी शब्द उमटतात. एका बटणावर मला दिसलं ‘निर्जलीकरण’, दुसऱ्यावर ‘आरक्षण’. मशीन सगळ्यांचं, म्हणजे हे नंबर लावायचं बटण असणार, असं समजून मी ते दाबलं आणि स्टार्ट केलं. दोन तासांनी येऊन बघतो तर कपडे कोरडेच!

चूक नेमकी कुठे झाली? ॲप आधी चित्रात मजकूर कुठे आहे ते शोधतं, मग अक्षरं ओळखतं, मग भाषांतर करतं आणि ते मूळ शब्दाच्या जागी रंगवतं. यातल्या दोन चुका आपल्याला वेगळ्या ओळखता यायला हव्यात: वाचनातली आणि भाषांतरातली.

त्यासाठी एक साधा प्रयोग करा. फोन थोडा डावीकडे, उजवीकडे, जवळ न्या. ट्यूबलाइटची चमक पॅनेलवर पडली असेल तर अक्षरं दर वेळी वेगळी वाचली जातात आणि शब्द बदलत राहतो. ही वाचनातली चूक. कोन बदलला, फोटो स्थिर केला की ती कमी होते. माझं ‘आरक्षण’ मात्र कुठल्याही कोनातून आरक्षणच राहिलं. स्थिर आहे म्हणजे बरोबर आहे, असं मी धरून चाललो. इथेच फसलो.

मूळ शब्द होता 予約, म्हणजे ‘योयाकू’. हॉटेलात किंवा दवाखान्यात त्याचा अर्थ खरंच आरक्षण. वॉशिंग मशीनवर मात्र तो टायमर: किती तासांनी धुणं पूर्ण व्हायला हवं, हे आधी ठरवून ठेवणं. तसंच 脱水 म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणंही आणि मशीनमध्ये कपडे पिळणंही. ॲपला फक्त दोन अक्षरं दिसतात. ती कशावर छापली आहेत हे त्या दोन अक्षरांत नसतं.

उत्तर पॅनेलवरच होतं. योयाकूच्या आकड्याशेजारी 時間後 लिहिलं होतं, म्हणजे ‘तासांनंतर’. नंबर लावण्याच्या बटणाला तासांचं काय काम? 脱水 तर धुणं आणि खळबळणं यांच्यानंतर, ओळीत शेवटी होतं. म्हणून एकेक बटण न वाचता पूर्ण ओळ, क्रम आणि एककं एकत्र वाचा. शंका आली तर मूळ शब्दाला ‘वॉशिंग मशीन’साठीचा 洗濯機 हा शब्द जोडून शोधा.

प्रयोगशाळेतल्या मोजमापाचंही असंच असतं. पुन्हा पुन्हा मोजल्याने हलणारी चूक कमी होते. एकाच दिशेने होणारी चूक मात्र शंभर वेळा मोजलं तरी तशीच राहते. ती पकडायला दुसऱ्या मार्गाने येणारा पुरावा लागतो.